पाणी ओसरण्याचा काळ : केशनलिका, प्वाझय आणि रक्ताचा प्रश्न

१/
महाराष्ट्रातील महाविद्यालयांत बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या अनेकांनी काचेची एक इंग्रजी यू अक्षरासारखी नळी हाताळलेली असते. तिच्या एका बाहूत वर एक फुगा, फुग्याच्या वर एक खूण, खाली दुसरी खूण आणि त्याखाली केसासारखे बारीक भोक असलेली नळी. द्रव वरच्या खुणेपलीकडे ओढून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. पातळी वरच्या खुणेवर आली की घड्याळ सुरू, खालच्या खुणेवर आली की बंद. मिळालेल्या सेकंदांवरून द्रवाची श्यानता काढायची. प्रयोग पंधरा मिनिटांचा. मात्र सेकंदांवरून श्यानता का सांगता येते, हे सिद्ध व्हायला एका फ्रेंच वैद्याची अनेक वर्षे खर्ची पडली, आणि त्याला मुळात काचेत रस नव्हता. त्याला रक्ताचे कोडे सोडवायचे होते.

२/
प्रथम श्यानतेविषयी. द्रव वाहतो तेव्हा त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि या सरकण्याला द्रवाच्या आतूनच विरोध होतो. हा विरोध म्हणजे श्यानता. तिची घनतेशी गल्लत होऊ देऊ नये. गोडेतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्याहून हलके. तरीही ते पाण्याहून कितीतरी संथ वाहते. जडपणा वेगळा आणि वाहण्यातला विरोध वेगळा. हा भेद पुढे एका महत्त्वाच्या वळणावर पुन्हा भेटणार आहे.

३/
झाँ लेओनार मारी प्वाझय याचा जन्म १७९७ साली पॅरिसमध्ये, एका सुताराच्या घरी झाला. १८१५ साली त्याला एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. तिथे गणित आणि भौतिकशास्त्राचा पाया पक्का होत असतानाच, १८१६ मध्ये राजकीय कारणांवरून संस्था बंद करण्यात आली आणि विद्यार्थ्यांना घरी पाठवण्यात आले. प्वाझय पुढे वैद्यकाकडे वळला. मोजमापाची सवय मात्र त्याने बरोबर नेली. त्या काळच्या वैद्यकात ही सवय दुर्मीळ होती, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ तिच्यात आहे.

४/
१८२८ सालचा त्याचा प्रबंध हृदय रक्ताला किती जोराने ढकलते, या विषयावर होता. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स याने घोडीच्या धमनीत उंच काचनळी बसवून रक्त किती वर चढते ते पाहिले होते. पुरुषभर उंचीपेक्षा मोठी ती नळी हाताळणे अवघड होते आणि रक्त तिच्यात गोठायचे. प्वाझयने त्याऐवजी पाऱ्याने भरलेली वाकडी नळी वापरली. पारा रक्ताच्या जवळजवळ तेरापट जड असल्यामुळे तोच दाब आता हातभर नळीत मावू लागला. रक्त गोठू नये म्हणून त्याने मधल्या भागात पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण भरले. आजही डॉक्टर रक्तदाब ‘मिलिमीटर पारा’ या मापात सांगतात, त्यामागे ही नळी आहे.

५/
धमन्यांमधला दाब मोजून झाला, तेव्हा खरा प्रश्न पुढे उभा राहिला. शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, यांमधून रक्त कोणत्या नियमाने वाहते? प्वाझयने बेडकासारख्या प्राण्यांच्या पारदर्शक पडद्यांतील वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तांबड्या पेशी वाहिनीच्या मध्यातून धावत होत्या. भिंतीलगत मात्र पेशींविना, स्वच्छ द्रवाचा एक पातळ थर होता आणि तो जवळजवळ निश्चल भासत होता. १८३५ च्या सुमारास त्याने हे निरीक्षण मांडले. हा स्थिर थर वाचकांनी लक्षात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

६/
जिवंत वाहिनीत नियम शोधणे मात्र अशक्यप्राय होते. वाहिनी आकुंचन पावते, प्रसरण पावते, फाटे फोडते; बाहेर काढलेले रक्त गोठते. दाब, लांबी, व्यास आणि तापमान या चार गोष्टी एकाच वेळी बदलत असतील, तर प्रवाहावर कोणाचा किती परिणाम झाला हे सांगणार कसे? प्वाझयने प्रश्न सोपा करून घेतला. वाहिनीच्या जागी काचेची केशनलिका आणि रक्ताच्या जागी ऊर्ध्वपातित पाणी. काच आकुंचत नाही आणि पाणी गोठत नाही. १८३८ च्या सुमारास हे प्रयोग सुरू झाले. त्याच्या नळ्यांचा आतील व्यास सुमारे ०.०१५ मिलिमीटरपासून ०.६ मिलिमीटरपर्यंत होता. त्यातल्या सर्वांत बारीक नळ्या खरोखरच केशवाहिन्यांच्या मापाजवळ जाणाऱ्या होत्या.

७/
त्याच्या उपकरणाचा गाभा म्हणजे काचेचा एक लहान, चातीसारखा फुगा. फुग्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन खुणा. त्यांच्यामधले आकारमान आधीच नेमके ठरवलेले. फुग्याला खाली केशनलिका जोडलेली. वरून दाबलेल्या हवेचा एक मोठा साठा पाण्याला ढकलत असे. साठा मोठा असल्याने प्रयोग चालू असताना दाब फारसा ढळत नसे आणि तो पाण्याच्या किंवा पाऱ्याच्या दाबमापकावर वाचता येई. पातळी पहिल्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर यायला किती सेकंद लागतात, एवढेच पाहायचे. ठरलेले आकारमान, मोजलेला वेळ. आजच्या प्रयोगशाळेतील नळीचे मूळ रूप ते हेच.

८/
दोन बारकावे त्याची चिकाटी दाखवतात. पहिला असा की नळीचे खालचे टोक त्याने हवेत उघडे ठेवले नाही, तर पाण्यात बुडवले. टोक हवेत असेल तर तिथे थेंब तयार होतो, आणि थेंबाचा पृष्ठताण प्रवाहाला अडवतो. प्रत्येक थेंब सुटताना हा अडथळा कमीजास्त होतो. टोक पाण्याखाली गेले की थेंबच उरत नाही. दुसरा असा की सारे उपकरण त्याने ठरावीक तापमानाच्या पाण्याच्या कुंडात ठेवले. पाणी थोडे गरम झाले तरी ते लक्षणीय लवकर ओसरते, हे त्याच्या ध्यानात आले होते.

९/
मग त्याने एकेक गोष्ट बदलून पाहिली. नळी तीच ठेवून दाब दुप्पट केला, तर वेळ निम्मा झाला. पुढे एकच नळी टप्प्याटप्प्याने कापून आखूड करत नेली. नळी निम्मी झाली की वेळही निम्मा. नळी बदलली असती तर व्यासही बदलला असता, म्हणून एकाच नळीचे तुकडे करण्याची ही युक्ती. इथे त्याला एक मर्यादाही दिसली. नळी फारच आखूड झाली की हिशेब बिघडू लागतो. त्याने हे लपवले नाही. नियम पुरेशा लांब नळीलाच लागू पडतो, असे नोंदवले.

१०/
व्यासाचा परिणाम शोधणे सर्वांत कठीण होते. सूक्ष्मदर्शकाखाली नळीच्या दोन्ही टोकांची तोंडे मोजली, तर ती पूर्ण गोल नव्हती, किंचित लंबवर्तुळाकार होती. दोन टोकेही सारखी नव्हती. या साऱ्याचा विचार करून सरासरी व्यास काढल्यावर जे हाती आले ते चकित करणारे होते. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत होता. व्यास दुप्पट केला की त्याच दाबाखाली प्रवाह सोळापट. उलट, नळी पाचव्या हिश्शाने अरुंद झाली, म्हणजे व्यास ०.८ पट उरला, की ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.४१, प्रवाह निम्म्याहूनही कमी. रक्तवाहिनी थोडीशी आकसली तरी रक्तपुरवठ्यावर एवढा परिणाम का होतो, याचे कारण या घातात आहे.

११/
त्याच सुमारास प्रशियात गॉटहिल्फ हागेन हा स्थापत्य अभियंता पितळी नळ्यांतून पाणी सोडत होता. योगायोग असा की तोही १७९७ सालीच जन्मलेला. त्याच्या नळ्या बऱ्याच रुंद, सुमारे अडीच ते सहा मिलिमीटर व्यासाच्या होत्या. १८३९ मध्ये त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यातही चौथा घातच पुढे आला. एकाला कालवे आणि जलवाहिन्यांचे प्रश्न होते, दुसऱ्याला केशवाहिन्यांचे. दोघे एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकाच नियमावर पोहोचले. म्हणून आज त्याला हागेन-प्वाझय नियम म्हणतात.

१२/
प्वाझयने आपले निष्कर्ष १८४० आणि १८४१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. अकादमीने परीक्षणासाठी समिती नेमली. तिचा अनुकूल अहवाल भौतिकशास्त्रज्ञ रेन्यो याने लिहिला. संपूर्ण निबंध १८४६ मध्ये छापला गेला. विशेष म्हणजे त्या निबंधात श्यानता ही राशी नाही. प्वाझयने फक्त एक स्थिरांक दिला, जो द्रवागणिक आणि तापमानागणिक बदलतो. त्या स्थिरांकात श्यानता दडलेली आहे हे पुढच्या पिढीने ओळखले. १८५६ ते १८६० या काळात जर्मनीत वीडेमान आणि स्वित्झर्लंडमध्ये हागेनबाख यांनी तोच नियम द्रवाच्या थरांच्या घर्षणावरून गणिताने काढून दाखवला. आजच्या रूपात तो असा :

Q = πPr⁴ / 8ηL

इथे Q म्हणजे दर सेकंदाला बाहेर पडणारे आकारमान, P म्हणजे दाबातील फरक, r म्हणजे नळीची त्रिज्या, L म्हणजे लांबी आणि η म्हणजे श्यानता. प्वाझयच्या १० अंश सेल्सिअसवरील आकड्यांतून पाण्याची श्यानता काढली, तर आजच्या मूल्याशी तिचा फरक एका टक्क्याहूनही कमी येतो.

१३/
सूत्र मिळाले, म्हणजे श्यानता मोजणे सोपे झाले असे वाटेल. प्रत्यक्षात ज्या चौथ्या घाताने नियम घडवला, त्यानेच मोजणाऱ्याची कोंडी केली. त्रिज्या मोजताना एक टक्का चूक झाली, तर श्यानतेत चार टक्के चूक होते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नळीत एक टक्का म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा भाग. त्यातून भोक सर्वत्र सारखे नसते. नळीत पारा भरून त्याचे वजन करावे आणि त्यावरून सरासरी त्रिज्या काढावी, अशी एक चांगली पद्धत आहे. पण तीही प्रत्येक नळीसाठी रोज करण्याजोगी नाही. रसायनशास्त्रज्ञाला तर दिवसाला दहा द्रव मोजायचे असतात.

१४/
या कोंडीतून सुटण्याची वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्हेल्म ऑस्टवाल्ड याच्या नावाने रूढ झाली. ऑस्टवाल्ड हा रीगात जन्मलेला आणि पुढे लाइपझिगमध्ये भौतिक रसायनशास्त्राची शाखा उभी करणारा रसायनशास्त्रज्ञ. वाट अशी : त्रिज्या मोजायचीच नाही. एकाच नळीतून आधी पाणी आणि मग हवा तो द्रव सोडायचा. त्रिज्या, लांबी आणि फुग्याचे आकारमान दोन्ही वेळा तेच असल्याने भागाकारात ही तिन्ही उडून जातात. चौथा घातही उडतो. हवेचा साठा आणि दाबमापक यांचीही गरज उरत नाही, कारण द्रवाला त्याचे स्वतःचे वजनच खाली ओढते. उरतात फक्त दोन वेळा आणि दोन घनता :

η₁ / η₂ = ρ₁t₁ / ρ₂t₂

इथे ρ म्हणजे घनता आणि t म्हणजे वेळ.

१५/
चाणाक्ष वाचकाला इथे शंका येईल. फुगा रिकामा होत जातो तशी पातळी उतरते, म्हणजे ढकलणारा दाबही कमी होत जातो. मग हिशेब कसा जमतो? याचे उत्तर दोन खुणांत आहे. पातळी प्रत्येक वेळी त्याच उंचीवरून निघते आणि त्याच उंचीवर थांबते, त्यामुळे उतरत्या दाबाची सरासरी प्रत्येक द्रवासाठी सारख्याच उंचीची असते. फरक पडतो तो फक्त घनतेचा. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. यू नळीच्या दुसऱ्या बाहूत द्रवाची पातळी चढत असते आणि ती उलट दाब देते. म्हणून ऑस्टवाल्डच्या नळीत प्रत्येक वेळी नेमके तेवढेच आकारमान, पिपेटने मोजून, भरावे लागते. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ उबेलोडे याने केशनलिकेच्या खालच्या टोकाशी हवेला वाट देणारा तिसरा बाहू जोडला. त्यामुळे द्रवाचा स्तंभ तिथेच तुटतो आणि खाली किती द्रव साठला आहे याचा परिणाम उरत नाही.

१६/
आता एक उदाहरण करून पाहू. समजा, २० अंश सेल्सिअसला एका नळीतून पाणी ओसरायला २१०.० सेकंद लागले आणि शुद्ध इथेनॉलला, म्हणजे मद्यार्काला, ३१८.१ सेकंद. वेळांचे गुणोत्तर १.५१५. घाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल की मद्यार्क पाण्यापेक्षा दीडपट श्यान आहे. पण मद्यार्क हलका आहे. त्याची घनता ०.७८९३, पाण्याची ०.९९८२. स्वतःचे वजन कमी असल्याने तो स्वतःला कमी जोराने ढकलतो, आणि काही उशीर त्यामुळेही होतो. घनतांचे गुणोत्तर ०.७९०७, त्याने १.५१५ ला गुणले की १.१९८. पाण्याची श्यानता १.००२ मिलिपास्कल-सेकंद धरली, तर मद्यार्काची १.२०० येते. म्हणजे फरक पन्नास टक्क्यांचा नसून वीस टक्क्यांचा. गुरुत्वाकर्षणावर चालणारी नळी मुळात श्यानता आणि घनता यांचा भागाकार मोजते; श्यानता हवी असेल तर घनता वेगळी मोजावीच लागते. सुरुवातीला सांगितलेला भेद इथे उपयोगी पडतो.

१७/
हे उपकरण साधे दिसते, पण फसवू शकते. सर्वांत मोठा शत्रू तापमान. पाण्याची श्यानता २० अंशांना १.००२, तर २५ अंशांना ०.८९०, म्हणजे दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी ती घटते. हजारात एकाची अचूकता हवी असेल, तर कुंडाचे तापमान अंशाच्या विसाव्या भागापर्यंत स्थिर हवे. दुसरा शत्रू मळ. काचेवर तेलकटपणा राहिला, तर फुगा रिकामा होताना भिंतीवर थेंब चिकटून राहतात आणि आकारमान बदलते. धुळीचा एक कण केशनलिकेत अडकला, तर चौथा घात आपला प्रताप दाखवतो. नळी तिरकी धरली, तर द्रवस्तंभाची उभी उंची बदलते.

यातले काय बिघडले, हे वेळच सांगतो. एकाच द्रवाचे तीन वेळा माप घ्यावे. तिन्ही वेळा सेकंदाच्या एकदोन दशांशांच्या आत जुळल्या, तर ठीक. वेळ दरखेपेस एकाच दिशेने सरकत असेल, तर तापमान अजून स्थिरावलेले नाही किंवा द्रव उडून जात आहे. एखादी वेळ अचानक लांबली, तर कण किंवा बुडबुडा अडकला आहे असे समजावे.

१८/
तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि प्वाझयने आखूड नळ्यांत तिची चाहूल घेतली होती. फुग्यात द्रव जवळजवळ थांबलेला असतो. केशनलिकेत शिरताना त्याला वेग घ्यावा लागतो. दाबाचा काही भाग हा वेग देण्यातच खर्च होतो आणि घर्षणावर मात करायला तेवढा कमी उरतो. म्हणून वेळ सूत्राच्या अपेक्षेपेक्षा जास्त लागतो आणि द्रव आहे त्यापेक्षा श्यान भासतो. हागेनबाखने या खर्चाचा हिशेब करण्याचा मार्ग दाखवला. रोजच्या कामात त्याहून सोपा उपाय करतात : इतकी बारीक नळी निवडायची की द्रव ओसरायला किमान दोनशे सेकंद लागतील. संथ प्रवाहात वेगासाठी लागणारा खर्च नगण्य होतो. वरच्या उदाहरणात पाण्याला २१० सेकंद धरले ते याच कारणाने.

१९/
एक प्रश्न मात्र उरतोच. प्रत्येक द्रवाची तुलना पाण्याशी करायची, तर पाण्याची श्यानता कोणी आणि कशी ठरवली? तिथे तुलनेची पळवाट नाही. कोणाला तरी चौथ्या घाताला सामोरे जाऊन, नळीची त्रिज्या आणि लांबी प्रत्यक्ष मोजून, ती संख्या काढावीच लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत हे काम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतले गेले आणि त्याचा निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन दशकांच्या कष्टांतून २० अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता १.००२ ठरली, त्याआधी १.००५ ही संख्या वापरात होती. फरक हजारात तीनाचा. पण प्रयोगशाळांतील तुलनेच्या नळ्या याच संख्येच्या आधारावर प्रमाणित होतात, त्यामुळे ती चुकली तर त्या साऱ्या मापनांत तीच चूक उतरली असती. श्यानतेच्या जुन्या एककाला ‘पॉइज’ हे नाव प्वाझयवरूनच मिळाले आहे. २० अंशांच्या पाण्याची श्यानता त्याच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त भरते.

२०/
आणि रक्त? ज्या प्रश्नासाठी प्वाझयने काच हाती घेतली, त्याचे काय झाले?

पाणी, मद्यार्क, ईथर यांसारख्या साध्या द्रवांची एक खूण आहे : नळी बारीक घ्या वा रुंद, श्यानता तीच येते. द्रव असा साधा आहे की नाही, हे पाहण्याची चाचणीही तीच. वेगवेगळ्या व्यासांच्या दोन नळ्यांतून मोजलेली श्यानता जुळली नाही आणि माप घेण्यात चूक नसेल, तर त्या द्रवाला एकच श्यानता नाही असे मानावे लागते. १९३१ मध्ये स्वीडनच्या फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी रक्ताची अशी परीक्षा घेतली. नळीचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटरच्या खाली गेला की रक्त अधिकाधिक पातळ भासू लागते, असे त्यांना आढळले. नळी जितकी बारीक, तितके रक्त सूत्राच्या अपेक्षेपेक्षा सुलभ वाहते.

२१/
कारण असे की रक्त हा एकजिनसी द्रव नाही. वाहताना तांबड्या पेशी नळीच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत पेशींविना द्रवाचा थर उरतो. घर्षण सर्वांत तीव्र असते ते भिंतीलगतच, आणि नेमक्या त्या जागी पातळ द्रव असल्याने साऱ्या रक्ताचा प्रवाह सुकर होतो. रुंद नळीत हा थर एकूण रुंदीच्या मानाने क्षुल्लक असतो. बारीक नळीत त्याचा वाटा मोठा होतो. बेडकाच्या वाहिन्यांत भिंतीलगत दिसलेला, जवळजवळ निश्चल असा तो स्वच्छ थर हाच. प्वाझयने तो नळ्यांचे प्रयोग सुरू करण्यापूर्वीच पाहिला होता.

२२/
नियम हाती यावा म्हणून त्याने रक्त बाजूला ठेवले आणि पाणी घेतले. पाण्याला तो थर नसतो, म्हणूनच नियम इतका स्वच्छ निघाला. आणि त्याच कारणाने तो नियम केशवाहिनीच्या दाराशी येऊन थांबला. मोठ्या धमन्यांच्या हिशेबाला तो जवळपास चालतो, मुळात ज्या वाहिन्यांसाठी शोधला गेला तिथे मात्र त्यात दुरुस्ती करावी लागते. १८६९ मध्ये प्वाझय वारला तेव्हा ही तफावत कोणी मोजलेली नव्हती. ती दिसली ती त्याच्याच रीतीने : काचेच्या बारीक नळीतून द्रव सोडून, प्रवाह मोजून, आणि आकडे सूत्राशी जुळत नाहीत तेव्हा त्याचे कारण शोधून.